भिंतीवरचा दुसरा बगळा

ऑफिसात तिला सगळे शिंपीण म्हणत. नाव तसं चुकीचं नव्हतं, कारण दिवसभर ती फोटोच शिवायची. एका जागी ट्रायपॉड रोवायचा, कॅमेरा थोडा थोडा फिरवत बारा-चौदा फोटो काढायचे आणि ते कडेला कड जुळवून एक अखंड पॅनोरमा करायचा, असा की स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाला वाटावं आपण त्या खोलीच्या मधोमध उभे आहोत आणि मान वळवून चहूकडे बघतो आहोत. हे सगळं कॉम्प्युटर करतो असं बाहेरच्यांना वाटतं. करतो खरा, पण उरकून टाकल्यासारखं करतो. कुठे खांबाला गुडघा फुटतो, कुठे खिडकीची चौकट अर्ध्यातच संपते, कुठे कोणाचं डोकं एका फोटोतलं आणि धड दुसऱ्यातलं. मग ते उसवायचं आणि हाताने पुन्हा शिवायचं. तो हात तिचा होता आणि तिच्या हाताची शिवण शोधून दाखवणारा अजून कोणी भेटला नव्हता.

त्यातलं खरं कौशल्याचं काम म्हणजे माणसं काढणं. हॉटेलवाल्यांना लॉबी हवी असते, पण रिकामी. शाळेला वाचनालय हवं असतं, पण मुलं नकोत. माणसांसाठी बांधलेल्या जागा माणसांवाचून किती छान दिसतात हे लोकांना दाखवण्यावर त्या ऑफिसचं पोट चालत होतं, आणि तिचंही.

तिचे बाबा वस्तुसंग्रहालयात रखवालदार होते. एकतीस वर्षं एकाच दालनात, एकाच दाराशी, एकाच भिंतीला पाठ लावून. ही गोष्ट ऑफिसात कोणालाच माहीत नव्हती. नोकरीला लागली तेव्हा साहेबांनी सहज विचारलं होतं, "वडील काय करतात?" आणि ती म्हणाली होती, "सरकारी नोकरीत आहेत." यात खोटं काही नव्हतं. साहेबांनी मनातल्या मनात बाबांना एक टेबल, एक खुर्ची आणि दोन हाताखालचे कारकून देऊन टाकले आणि तिने ते परत मागितले नाहीत. एकदा न सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगणं जड जातं, तिसऱ्यांदा तर लाजच वाटते. असं करत तीन वर्षं गेली.

मग नेमकं त्याच वस्तुसंग्रहालयाचं काम ऑफिसकडे आलं.

बाबांना आधी कळलं. त्या दिवशी ते जेवायला बसले तेच छाती फुगवून. "तुमचं ऑफिस येतंय आमच्याकडे! मॅडम म्हणाल्या, दालनाचा गोल फोटो होणार. दाराशी मोठ्या स्क्रीनवर लागणार म्हणे. कायमचा."

"हो," ती म्हणाली. "पण बाबा, तिथे कोणाला सांगू नका हं, माझी मुलगी त्या ऑफिसात असते म्हणून. कामात घरचं आणलं की बरं दिसत नाही."

"मी कशाला सांगतोय?" बाबा म्हणाले. आईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि वाढायला घेतलं. आयांना बरंच काही कळतं आणि त्या वाढायला घेतात.

मग बाबांनी विचारलं, माणसं कशी काढता गं तुम्ही? तिला बरं वाटलं. कामाबद्दल बोलायला कोणाला आवडत नाही? तिने दोन ताटं घेतली आणि एकाची कड दुसऱ्यावर चढवून दाखवली. "शेजारशेजारच्या फोटोंचा असा थोडा भाग सारखा असतो. शिवण या सारख्या भागातून जाते. आता हलणारा माणूस म्हणजे गरीब गाय. या फोटोत तो इथे असतो, पुढच्यात तिथे. शिवाय आम्ही सगळी गोल फेरी दोनदा मारतो. ज्या फोटोत ती जागा मोकळी असेल तो तुकडा वर घ्यायचा आणि शिवण माणसाला वळसा घालून न्यायची. संपलं."

"आणि नाहीच हलला तर?"

"तर डोक्याला ताप! त्याच्या मागे काय आहे ते कुठल्याच फोटोत नसतं. मग काय भरणार तिथे? अर्धे लोक तर कंटाळून तसाच ठेवून देतात."

"म्हणजे हलला नाही तर राहतो," बाबा म्हणाले.

"हो, बरेचदा," ती म्हणाली आणि ताटं उचलून मोरीत ठेवून आली. दिवसभर लोकांच्या पाऊलखुणा पुसणाऱ्या तिच्यासारख्या मुलीला एवढं साधं कळायला हवं होतं, की बाबांनी हे गंमत म्हणून विचारलेलं नाही.

शूटिंगला ती गेली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. फोटोग्राफर एकटा गेला आणि दुपारी हसतच परत आला. "शिंपीणबाई, तुमच्यासाठी भेट आणली आहे. एक वॉचमन! दोन्ही फेऱ्यांत पठ्ठ्या जागचा हलला नाही. मी म्हटलं, काका, पाच मिनिटं बाजूला व्हा. तर म्हणतात, ड्युटी आहे. पापणीसुद्धा हलवली की नाही देव जाणे. मला तर आधी वाटलं, पुतळाच आहे."

सगळे हसले. तीही हसली. हसता हसता तिला काय ते कळलं. बाबांना त्या चित्रात राहायचं होतं. सांगायचं नव्हतं, मागायचं नव्हतं, नुसतं राहायचं होतं. वर्षाअखेर ते निवृत्त होणार होते. संग्रहालयाची पुस्तकं निघाली, पाहुण्यांचे समारंभ झाले, कर्मचाऱ्यांचे ग्रुप फोटो निघाले आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणालं, "तुम्ही जरा दार सांभाळा." एकतीस वर्षांत त्या इमारतीत त्यांचा एकही फोटो नव्हता. म्हणून पोरीने शिकवलेली युक्ती त्यांनी मन लावून पाळली होती.

कच्चा पॅनोरमा तयार झाला तेव्हा संग्रहालयाच्या मॅडमना तो व्हिडिओ कॉलवर दाखवायचा होता. साहेब, ती आणि स्क्रीनवर मॅडम. प्रेक्षक कोण कोण निघणार ते ठरलं. शाळेची मुलं, एक जोडपं, पिशवी घेतलेले आजोबा. मग मॅडम म्हणाल्या, "आणि ते दाराशी उभे आहेत ना, ते आमचे जुने रखवालदार. ते राहिले तरी चालतील. मला तर आवडेल. खाली बारीक अक्षरांत नावही टाकू. तुम्ही बघा, चित्रात कसं दिसतंय ते."

साहेबांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "काय करायचं शिंपीणबाई? तुम्ही म्हणाल तसं."

नाव टाकू, असं मॅडम म्हणाल्या होत्या. नावाबरोबर आडनाव येणार. आडनाव काही गल्लोगल्ली सापडणारं नव्हतं. साहेब ते वाचणार, तिच्याकडे बघणार आणि म्हणणार, अरे वा. ते 'अरे वा' तिला आधीच ऐकू आलं.

"काढूया," ती म्हणाली. "सगळं दालन रिकामं आणि एकच माणूस उभा, म्हणजे विचित्र दिसेल. नजर तिथेच जाईल."

कारण अगदी व्यावसायिक होतं. मॅडमनी मान हलवली. साहेब म्हणाले, "करेक्ट." कॉल संपला. एवढ्यावर बाबांचा निकाल लागला. तो लावायला तिला दहा सेकंदही लागली नाहीत.

काढायला मात्र पूर्ण दोन दिवस लागले.

इतरांना तिने तासाभरात वाटेला लावलं. मुलं हललेली होती, जोडपं दुसऱ्या फेरीत पार पलीकडे गेलेलं होतं, आजोबा पिशवीसकट खिडकीशी पोहोचले होते. मोकळे तुकडे पुढे आणले, शिवणी वळवल्या. एका फोटोचा भाग झाकला की शेजारच्याचा तेवढाच उघडायचा, नाहीतर मध्ये भोक पडतं. दुसऱ्या फेरीत ऊन थोडं चढलं होतं म्हणून ते तुकडे किंचित काळसर केले. हे सगळं तिला डोळे मिटूनही आलं असतं.

मग बाबा राहिले.

बाबा चौथ्या आणि पाचव्या फोटोच्या सामाईक भागात उभे होते आणि शिवण नेमकी त्यांच्या खांद्यातून गेलेली होती. दोन्ही फोटोंत तेच, दोन्ही फेऱ्यांत तेच. शिवणी जुळाव्यात म्हणून कॅमेरा एकाच बिंदूभोवती फिरवतात. त्याचा तोटा असा, की माणसामागची भिंत शेजारच्या फोटोतही तेवढीच झाकलेली राहते. मान तिरकी करून मागे डोकावायची सोय नाही. म्हणजे चार फोटो असूनही बाबांच्या मागचं एक बोटभरसुद्धा तिच्याकडे नव्हतं.

आणि मागची भिंत साधी असती तरी निभावलं असतं. ती भिंत म्हणजे त्या दालनाचा जीव होता. हाताने रंगवलेल्या टाइल्स, काहींवर वेली, बाकीच्यांवर पक्षी. एकासारखा दुसरा पक्षी नाही, असं दाराशी पाटीवरच लिहिलेलं. बाबांनी चौदा टाइल्स झाकल्या होत्या, दोन रांगा रुंद आणि सात उंच. पाचांच्या कडा बाहेर डोकावत होत्या, नऊंचं काहीच दिसत नव्हतं.

तिने तेवढा भाग सपाट करून घेतला. गोल पॅनोरमात सरळ रेषा वाकतात आणि एका ठिकाणची टाइल उचलून दुसरीकडे ठेवली तर ती कधीच नीट बसत नाही. म्हणून आधी सपाट करायचं, दुरुस्त करायचं आणि मग पुन्हा वाकवून जागेवर ठेवायचं. सपाट केल्यावर बाबा स्क्रीनभर झाले. शर्टाला कडक इस्त्री. तिला आठवलं, त्या सकाळी आईला त्यांनी बाही पुन्हा करायला लावली होती. केस पाणी लावून बसवलेले. डावा हात पँटच्या शिवणीवर गच्च धरलेला, हलू नये म्हणून. डोळे सरळ कॅमेऱ्यात. म्हणजे आता सरळ तिच्याकडे.

"आधी चेहरा काढावा, मग काम सोपं जातं," असं ती नव्या लोकांना शिकवायची. तिने पायांपासून सुरुवात केली.

वेली पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून आणल्या, म्हणजे एकच पान दोनदा दिसायला नको. टाइल्समधल्या पांढऱ्या रेषा दोन्ही बाजूंनी ताणून बरोबर एकमेकींना भेटवल्या. शिवण त्यांच्या खांद्यातून उचलून शेजारच्या खांबाच्या कडेला नेली. तिथे ती कोणाच्या बापाला दिसली नसती. हे तिच्या मनात आलं आणि ती थोडा वेळ माऊस सोडून बसली. मग पक्षी. लहान दोन तिने असे बनवले, की एकाचं अंग, दुसऱ्याचं शेपूट. मोठ्या टाइलसाठी दालनाच्या पार दुसऱ्या टोकाचा एक बगळा आणला. तोंड उजवीकडे फिरवलं, चोच आखूड केली, पंख निळ्याचा हिरवट केला. आरशासारखा उलटवल्यावर टाइलवरची खिडकीची चकाकी चुकीच्या बाजूला गेली, तीही काढून परत बरोबर बाजूला घातली. दोन बगळे एका वेळी नजरेत येणं शक्य नव्हतं. मधे अख्खं दालन होतं.

शेवटी भिंतीवरची पुसट सावली आणि गुळगुळीत फरशीतलं बाबांचं उलटं प्रतिबिंब राहिलं. माणूस काढून लोक ते विसरतात आणि पकडले जातात. ती विसरली नाही.

"कमाल आहे," साहेब म्हणाले. त्यांनी स्क्रीन मोठी करून पाहिली, लहान करून पाहिली. "इथे कोणी उभं होतं हे मला माहीत असूनही सापडत नाही."

तिला वाटलं होतं, एवढी स्तुती ऐकून मनातली टोचणी जाईल. ती गेली नाही. घरी बाबा रोज विचारायचे, "झालं का गं आमचं काम?" आणि ती म्हणायची, "चाललंय." मी त्यात आहे का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर एखाद वेळेस तिने खरं सांगितलं असतं, असं ती स्वतःला सांगायची. पण तेही खरं नव्हतं.

महिन्याभराने स्क्रीन लागली. त्या संध्याकाळी बाबा नेहमीच्या वेळेला आले, हातपाय धुतले, चहा घेतला. ती शेजारच्या खुर्चीत फोनमध्ये डोकं घालून बसली होती. आता येईल, आता येईल, असं चाललं होतं तिचं.

"लागली स्क्रीन," बाबा म्हणाले. "झकास दिसतंय. बोटाने फिरवलं की सगळं दालन फिरतं. मॅडम म्हणाल्या, असं काम पाहिलं नाही. मी गप्प बसलो. पण आतून..." त्यांनी छातीवर हात ठेवला.

तिने फोन पालथा ठेवला.

"एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"सांगा ना."

बाबांनी कप बाजूला सारला आणि आवाज खाली आणला, जणू शेजारी कोणी ऐकत होतं. "बगळा दोनदा आलाय."

तिचे कान गरम झाले.

"माझ्या जागेवर. वरून तिसऱ्या रांगेत. आमचा बगळा तिकडे, शेवटच्या खिडकीखाली, डावीकडे तोंड करून. आणि इथे कोणीतरी तोच उलटा करून बसवलाय. पंख रंगवलाय, चोच कापलीय. पण मान तीच! रोज सकाळी दालन उघडायच्या आधी फडकं मारतो मी त्या भिंतीवर. मानेवर त्याच्या ठिपका आहे, रंगाऱ्याच्या हातून पडलेला. तो ठिपकासुद्धा आलाय बरोबर."

दोन दिवसांचं काम, साहेबांची शाबासकी, सगळं बाबांनी एका ठिपक्यावर पकडलं होतं. ती आता बाबांच्या रागाची वाट बघू लागली. किती दिवस ती वाट बघत होती! निदान रागाला उत्तर देता येतं.

"मी कोणाला बोललो नाही," बाबा म्हणाले. "मॅडमनाही नाही. पाटीवर लिहिलंय, एकही पक्षी पुन्हा नाही. एखाद्या अभ्यासकाच्या लक्षात आलं तर तुझ्या नावाला बट्टा लागेल. म्हणून मी दुपारभर स्क्रीनपाशी उभा होतो. कोणी त्या बाजूला फिरवायला लागलं की म्हणायचो, इकडचं बघा, इकडचं छान आहे."

"बाबा..."

"चूक माझीच आहे. तू सांगितलं होतंस, न हलणारा माणूस डोक्याला ताप. मी मेला उभा राहिलो खांबासारखा. तुला त्यापायी किती त्रास झाला असेल! त्यांना रिकामंच हवं होतं, हे मला कुठे माहीत? मला वाटलं..." काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. उठून कपाटातून कागद काढला, त्यावर पट्टीने चौदा चौकोन आखले आणि प्रत्येकात बारीक अक्षरांत लिहायला बसले. वेल. वेल, पान तुटकं. सुतारपक्षी. वेल. धोबी पक्षी, एक पाय नाही. आईने दिवा लावला आणि दोघांकडे न बघता आत गेली.

"सुट्टीच्या दिवशी ये," बाबा कागद तिच्याकडे सरकवत म्हणाले. "दालन बंद असतं. किल्ली माझ्याकडे. मी मॅडमना सांगतो, फोटोवाल्यांना एक कोपरा परत घ्यायचाय. मोकळ्या भिंतीचा फोटो काढ आणि गुपचूप बदलून टाक."

ती गेली. ऑफिसचा कॅमेरा घेऊन, पूर्वीच्याच वेळेला, म्हणजे खिडकीतलं ऊन तसंच पडेल. फरशीवर ट्रायपॉडच्या खुणेची पट्टी अजून चिकटलेली होती. नसती तरी चाललं असतं. भिंत सपाट होती आणि सपाट गोष्ट थोडी ओढूनताणून बसवता येते.

बाबा गणवेशात होते. सुट्टीच्या दिवशी, बंद दालनात, कडक इस्त्रीचा गणवेश. तिची नजर गेलेली पाहून ते म्हणाले, "आत यायचं तर अंगावर असलेला बरा." मग फडकं घेऊन त्यांनी त्या चौदा टाइल्स एकेक करून पुसल्या, पाठ तिच्याकडे करून. पुसता पुसता ओळख करून देत होते. हा सुतार. ही धोबीण, मी हिला लंगडी म्हणतो. ही नुसतीच वेल, पण हिच्यात एक किडा लपवलाय बघ, फार लोकांना सापडत नाही.

तिने उंची जुळवली, लेन्स लावली, फोकस केला. स्क्रीनवर बाबांची पाठ दिसत होती. बटण दाबण्याआधी त्यांना बाजूला व्हायला सांगायला हवं होतं.  तिच्या तोंडून त्याऐवजी वेगळंच बाहेर पडलं.

"बाबा, त्यांना रिकामं नको होतं. मॅडम तुम्हाला ठेवायला तयार होत्या. खाली नाव टाकू म्हणाल्या. मीच नको म्हटलं."

फडकं थांबलं. बाहेर कोणीतरी सायकल स्टँडवर लावली.

"का गं?" बाबांनी विचारलं. रागाने नाही. खरोखरच कळलं नव्हतं म्हणून.

"ऑफिसात माहीत नाही कोणाला. तुम्ही इथे... काय करता ते. नाव आलं असतं तर कळलं असतं."

"अस्सं," बाबा म्हणाले. त्यांनी फडक्याची घडी घातली. ती नीट झाली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली. "मी तर बोललो नव्हतो कोणाला. तूच सांगितलं होतंस, बोलू नका."

"हो. तुम्ही नाही बोललात."

ती रडत होती आणि तिला स्वतःचा संताप येत होता, कारण रडायचा हक्क इथे तिचा नव्हता. नाक पुसून ती घाईघाईने बोलायला लागली. "पण तुम्ही गेला नाहीत अजून कुठे. खरंच. फाइलमध्ये खालच्या थरात तसेच उभे आहात तुम्ही. मी फक्त वरून झाकलंय. वरचं काढलं की झालं, एक मिनिटाचं काम आहे. शिवण मागे आणते. मॅडमना आजच फोन करते, म्हणते माझी चूक झाली, यांना ठेवूया. नाव टाका."

बाबा वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं. ते त्यांना लपवता आलं नाही आणि तिला बघवलं नाही.

"ठेवशील?"

"ठेवीन."

"आणि तुझे साहेब नाव वाचतील. म्हणतील, अरे, हे तर तुझंच आडनाव. कोण हे तुझे?" ते थोडे पुढे झुकले होते, परीक्षेला बसवल्यासारखे नाही, नुसतेच ऐकायला. "तर सांगशील?"

उत्तर सोपं होतं. चार वर्षांच्या पोरालाही येतं. ती बोलणारच होती, पण त्याआधी तिला साहेबांची खुर्ची वळताना दिसली. फोटोग्राफर दिसला, पुतळा म्हणून हसलेला, आणि त्याच्याबरोबर हसलेली ती. तीन वर्षांचं ते टेबल, ती खुर्ची, ते दोन कारकून. एखादा श्वास गेला असेल. फार तर दीड.

"सांगेन," ती म्हणाली. "बाबा, सांगेन ना."

पण बाबांनी फडकं खिशात घातलं होतं आणि ते भिंतीपासून बाजूला झाले होते. आधी दोन पावलं. मग स्क्रीनकडे मान वळवून अंदाज घेतला आणि आणखी तीन. खांबापलीकडे गेले, तिथून त्यांचा नुसता आवाज आला, नेहमीसारखा, जरासुद्धा न दुखावलेला.

"घे बाळ, घे फोटो. ऊन सरकतंय."

तिने पुन्हा एकदा म्हटलं, सांगेन. खांबापलीकडून काही आलं नाही. समोर चौदा टाइल्स स्वच्छ चमकत होत्या, सुतार, लंगडी, वेलीतला किडा, सगळे आपापल्या जागी. तिने बटण दाबलं. खात्रीसाठी पुन्हा दाबलं.

फोटो पहिल्याच फटक्यात नितळ आला होता. त्यात काढण्यासारखं काहीच नव्हतं.